फोनवरचे व्हीपीएन हॉटस्पॉटला जोडलेल्या लॅपटॉपलाही लागू होते का?

प्रवासी_लेखणी

मी कायदेशीर कागदपत्रांची भाषांतरे करते. ज्या कार्यालयासाठी हे काम करते, त्यांनी स्वतःचा वायरगार्ड सर्व्हर उभारला आहे आणि त्यांच्या कामाशी संबंधित सर्व व्यवहार त्या व्हीपीएनमधूनच व्हावेत अशी त्यांची अट आहे. माझ्या अँड्रॉइड फोनवर ते व्हीपीएन बसवलेले आहे आणि सेटिंग्जमधील `Always-on VPN` व त्याखालचे `Block connections without VPN` हे दोन्ही पर्याय मी चालू ठेवले आहेत. प्रत्यक्ष काम मात्र लॅपटॉपवर होते, अधूनमधून टॅबलेटवर, आणि या दोन्हींना इंटरनेट मिळते ते याच फोनच्या हॉटस्पॉटवरून.

फोन व्हीपीएनमध्ये आहे म्हणजे त्याच्यामागे जोडलेले सर्व काही आपोआप व्हीपीएनमध्ये आहे, असे मी गेले चार महिने गृहीत धरले होते. परवा कार्यालयातील सहकाऱ्यांनी विचारले की, तुमच्या लॅपटॉपची किल्ली आमच्या यादीत का दिसत नाही? तेव्हापासून मनात शंका आहे. माझे गृहीतक बरोबर आहे का, आणि नसेल तर ते मला स्वतःला कसे तपासता येईल?

आकाशगामी

तुमचे गृहीतक बरोबर आहे. लॅपटॉपला बाहेर पडण्याचा दुसरा मार्गच नाही. त्याची प्रत्येक गोष्ट फोनमधूनच जाते आणि फोनचे दार व्हीपीएनने बंद केलेले आहे. घरच्या राउटरवर व्हीपीएन बसवले की घरातील सर्व उपकरणे त्यात येतात, तसेच हे आहे. शिवाय तुम्ही व्हीपीएनशिवायची जोडणी रोखणारा पर्यायही चालू केलेला आहे. माझ्या स्वतःच्या फोनवर मी हे पाहिले आहे: लॅपटॉपवर पत्ता तपासला तर व्हीपीएनच्या सर्व्हरचाच दिसतो.

मृदुला_क

सार्वजनिक ठिकाणच्या हॉटस्पॉटवर व्हीपीएन अवश्य वापरावे, असे माझे मत आहे. मी प्रवासात मोफत वायफायला फोन जोडते तेव्हा आधी व्हीपीएन सुरू करते आणि मगच मेल उघडते. फक्त त्या वायफायचे प्रवेशपान आधी पूर्ण करावे लागते, नाहीतर व्हीपीएन जोडलेच जात नाही.

तारायंत्र

मृदुलाताई, तुमची सवय चांगली आहे, परंतु येथे विचारलेला हॉटस्पॉट वेगळा आहे. येथे फोन स्वतः वायफाय पुरवतो आहे आणि प्रश्न त्याला जोडलेल्या लॅपटॉपचा आहे.

मूळ प्रश्नाचे उत्तर असे की, नेहमीच्या अँड्रॉइड फोनवर फोनचे व्हीपीएन लॅपटॉपला लागू होत नाही. आकाशगामी यांनी दिलेली राउटरची उपमा पटण्यासारखी आहे, पण राउटरवर आपण मार्ग ठरवतो तो येणाऱ्या सर्वांसाठी, आणि अँड्रॉइडवर व्हीपीएनचा मार्ग ठरतो तो फोनमधील अ‍ॅपसाठी. प्रत्येक अ‍ॅपला फोनमध्ये एक क्रमांक असतो आणि ‘या क्रमांकांच्या अ‍ॅपमधून निघालेली पाकिटे बोगद्यात घाला’ असा नियम व्हीपीएन सुरू होताच लिहिला जातो. लॅपटॉपहून आलेले पाकीट फोनमधील कोणत्याच अ‍ॅपचे नसते. ते वायफायच्या बाजूने आत येते आणि थेट मोबाइल डेटाच्या बाजूने बाहेर जाते. मध्ये फक्त त्याचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला जातो.

हे माझ्या फोनवर उघड दिसते. संगणकाला केबलने जोडून `adb shell ip rule` ही आज्ञा दिली की बऱ्याच ओळी येतात, त्यांतील या दोन महत्त्वाच्या आहेत:

```
from all fwmark 0x0/0x20000 iif lo uidrange 0-99999 lookup tun0
from all iif wlan1 lookup rmnet_data0
```

पहिल्या ओळीतील `tun0` म्हणजे व्हीपीएनचा बोगदा, आणि त्याच ओळीतील `iif lo` चा अर्थ असा की हा नियम फक्त फोनच्या पोटातून जन्मलेल्या पाकिटांसाठी आहे. दुसरी ओळ हॉटस्पॉटची आहे: `wlan1` वरून, म्हणजे लॅपटॉपकडून, जे येईल त्याचा मार्ग `rmnet_data0`, म्हणजे मोबाइल कंपनीचे जाळे. त्यात बोगद्याचा उल्लेखच नाही. नावे आणि आकडे फोनगणिक बदलतात, पण रचना हीच असते. केबलने किंवा ब्लूटूथने इंटरनेट दिले तरी फरक पडत नाही, कारण फक्त आत येण्याचे दार बदलते.

`Block connections without VPN` या पर्यायाबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो आणि त्यात वापरणाऱ्याचा दोष मला वाटत नाही, कारण शब्दच तसे आहेत. तो पर्याय फोनमधील अ‍ॅपना बोगद्याबाहेर जाऊ देत नाही. लॅपटॉपची पाकिटे अ‍ॅपची नसल्यामुळे ती त्याच्या नजरेखालून जातच नाहीत. अँड्रॉइड 8 पासून तर हॉटस्पॉटची वाहतूक मुख्य प्रोसेसरला न उठवता मोडेमच्या बाजूच्या यंत्रणेकडे सोपवण्याची सोय आहे. तशा फोनमध्ये व्हीपीएन अ‍ॅपला ती पाकिटे पाहायलाही मिळत नाहीत.

माझ्या मते ही रचना अविचाराने झालेली नाही. तुमच्या फोनवर कार्यालयाचे व्हीपीएन आहे आणि कोणी ओळखीच्याने दहा मिनिटांसाठी तुमचा हॉटस्पॉट मागितला, तर त्याचा लॅपटॉप थेट कार्यालयाच्या आतल्या जाळ्यात पोहोचावा असे कार्यालयाला कधीच वाटणार नाही. खटकते ते एवढेच की हॉटस्पॉट चालू करताना फोन याची सूचना देत नाही आणि वरच्या पट्टीवर व्हीपीएनची किल्ली तशीच दिसत राहते.

धुंडिराज

आयफोनवरही असेच आहे, हे मी करून पाहिले आहे. आयफोनच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडला की त्याला `172.20.10.2` सारखा पत्ता मिळतो आणि फोन स्वतः `172.20.10.1` असतो. फोनवर व्हीपीएन चालू असताना फोनच्या ब्राउझरने व्हीपीएनचा पत्ता दाखवला आणि त्याच क्षणी लॅपटॉपने मोबाइल कंपनीचा.

आकाशगामी

तारायंत्र, आपले विवेचन मी दोनदा वाचले. पण मी जे डोळ्यांनी पाहतो आहे त्याचे काय? आताही माझा लॅपटॉप आणि टॅबलेट दोन्ही हॉटस्पॉटवर आहेत आणि दोन्हींवर व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो आहे. दोन्हींवर व्हीपीएनचे कोणतेही अ‍ॅप नाही आणि ब्राउझरमध्येही तसले काही बसवलेले नाही. फोनवरचे व्हीपीएन बंद केले की दोन्हींचा पत्ता बदलतो.

तारायंत्र

फोनवरचे व्हीपीएन बंद केल्यावर दोन्हींचा पत्ता बदलत असेल तर तुमची वाहतूक खरोखरच बोगद्यातून जाते आहे; ती तपासणी निर्णायक आहे. फोनवर कंपनीने दिलेलीच प्रणाली आहे, की लिनेजओएस किंवा तत्सम काही बसवले आहे? लिनेजओएसमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये `Allow clients to use VPNs` असा एक पर्याय असतो.

आकाशगामी

लिनेजओएसच आहे, आणि तो पर्याय चालू आहे. फोन घेतला तेव्हा मित्राने प्रणाली बसवून दिली होती. हा पर्याय त्यानेच चालू केला असावा, मला त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हा माझे निरीक्षण खरे होते, पण ते सर्व फोनना लागू करून मी प्रवासी_लेखणी यांना चुकीचे आश्वासन दिले. त्यांनी माझ्या पहिल्या प्रतिसादावर विसंबू नये.

प्रवासी_लेखणी

सर्वांचे आभार. माझ्या फोनवर कंपनीचीच प्रणाली आहे आणि तसा पर्याय मला कोठे सापडला नाही. मी दोन्हीकडे पत्ता तपासला. मूळ पत्ते येथे देत नाही, त्यांच्या जागी नमुन्याचे लिहिते: फोनवर `203.0.113.77` दिसला, जो कार्यालयाच्या सर्व्हरचा आहे, आणि लॅपटॉपवर `198.51.100.24`. पण दोन पत्ते वेगळे दिसले एवढ्यावरून निष्कर्ष काढणे पुरेसे आहे का?

तारायंत्र

चांगला प्रश्न विचारलात. नुसते वेगळेपण पुरेसे नाही. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना थोड्या पत्त्यांमागे बसवतात, त्यामुळे व्हीपीएन अजिबात नसतानाही फोन आणि लॅपटॉप यांचे पत्ते कधीकधी वेगळे दिसू शकतात. म्हणून तो पत्ता कोणाच्या मालकीचा आहे ते पाहावे. पत्ता दाखवणारी बहुतेक संकेतस्थळे त्याच्याखाली कंपनीचे नावही दाखवतात. लॅपटॉपवर तेथे तुमच्या मोबाइल कंपनीचे नाव असेल, तर शंकेला जागा उरत नाही. आकाशगामी यांनी नकळत केलेली तपासणी तर त्याहून भक्कम आहे: लॅपटॉपवर पान उघडे ठेवा, फोनवरचे व्हीपीएन बंद करून पुन्हा चालू करा आणि प्रत्येक वेळी पान ताजे करा. लॅपटॉपचा पत्ता जागचा हलला नाही, तर फोनच्या व्हीपीएनशी त्याचा संबंध नाही.

दुसरा पुरावा हवा असेल तर विंडोजमध्ये ही आज्ञा द्या:

```
tracert -d -h 4 1.1.1.1
```

पहिली पायरी तुमचा फोन असेल. दुसऱ्या पायरीवर व्हीपीएन सर्व्हरचा आतला पत्ता दिसायला हवा होता. तेथे मोबाइल कंपनीच्या जाळ्यातील पत्ता किंवा नुसत्या चांदण्या दिसतील. चांदण्यांचा अर्थ एवढाच की त्या यंत्राने उत्तर दिले नाही, त्यावरून काही ठरवू नका.

प्रवासी_लेखणी

लॅपटॉपवरच्या पत्त्याखाली मोबाइल कंपनीचे नाव आहे आणि फोनवरचे व्हीपीएन बंद-चालू केल्याने त्यात काहीच बदल होत नाही. म्हणजे चार महिने लॅपटॉप उघड्यावर होता. त्या काळात नेमके काय उघडे पडले, हे मला कार्यालयाला प्रामाणिकपणे सांगावे लागेल. कृपया कोणी सांगू शकेल का?

तारायंत्र

तुमच्या कागदपत्रांचा मजकूर उघडा पडला असण्याची शक्यता फार कमी आहे. लॅपटॉप ते फोन हा टप्पा हॉटस्पॉटच्या पासवर्डमुळे कूटबद्ध असतो आणि पुढे ज्या संकेतस्थळांचा पत्ता `https` ने सुरू होतो, त्यांच्याशी झालेली देवाणघेवाण मोबाइल कंपनीलाही वाचता येत नाही. कंपनीला कळू शकते ते असे: तुम्ही कोणत्या संकेतस्थळांशी, कधी आणि किती माहितीची देवाणघेवाण केली. तसेच ज्या संकेतस्थळांवर तुम्ही लॅपटॉपवरून गेलात, त्यांच्या नोंदींत कार्यालयाचा नव्हे तर मोबाइल कंपनीचा पत्ता आहे. कायदेशीर कामात कोणत्या पक्षाचे संकेतस्थळ कोणत्या दिवशी पाहिले हेही गोपनीय असू शकते, म्हणून ही बाब क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. एवढे आणि असेच त्यांना सांगा.

सावध

फोनवर प्रॉक्सी चालवणारे अ‍ॅप टाकले तर? मी तसेच करतो. प्रॉक्सी अ‍ॅप हे फोनमधीलच एक अ‍ॅप असल्यामुळे त्याची वाहतूक बोगद्यातून जाते. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी म्हणून फोनचा पत्ता आणि पोर्ट लिहिले की ब्राउझर व्हीपीएनमधून चालतो. फोन रूट करावा लागत नाही.

तारायंत्र

युक्ती खरी आहे आणि वर सांगितलेल्या नियमाशी सुसंगतही आहे. लॅपटॉपची विनंती फोनमधील अ‍ॅप स्वतःच्या नावाने पुढे पाठवते, म्हणून ती बोगद्यात शिरते. पण तिच्यावर गोपनीय काम सोपवू नये असे मला वाटते. लॅपटॉपवरील जे प्रोग्रॅम प्रॉक्सीची सेटिंग मानतात तेवढेच त्यातून जातात, बाकीचे नेहमीच्या वाटेने निघून जातात आणि कोणी सांगत नाही. व्हिडिओ संभाषणाची वाहतूक बहुधा बाहेरच राहते. संकेतस्थळाच्या नावाचा शोधही, ब्राउझरची मांडणी कशी आहे त्यावर अवलंबून, लॅपटॉप स्वतःच घेऊ शकतो. ज्याला एका ब्राउझरपुरते व्हीपीएन हवे आहे त्याने हे जरूर करावे. ‘सर्व व्यवहार व्हीपीएनमधून’ ही अट मात्र याने पूर्ण होत नाही.

प्रवासी_लेखणी यांच्यासाठी सरळ मार्ग हाच की लॅपटॉपवर आणि टॅबलेटवर स्वतंत्रपणे वायरगार्ड बसवावे. फोनचा हॉटस्पॉट मग फक्त रस्ता पुरवेल.

प्रवासी_लेखणी

बसवले, पण नवीन अडचण उभी राहिली आहे. फोनमधील जोडणीची फाइल निर्यात करून मी तीच लॅपटॉपमध्ये आणली. जोडणी झाली, पत्ता कार्यालयाचा दिसला, मला आनंद झाला. अर्ध्या मिनिटाने पाने उघडेनाशी झाली. थोड्या वेळाने आपोआप सुरू झाली, तेव्हा फोनवर मेल येणे थांबले. गेला तासभर दोघांपैकी एकच चालते आहे. लॅपटॉपच्या नोंदवहीत ही ओळ पुन्हा पुन्हा येते:

```
Handshake did not complete after 5 seconds, retrying (try 2)
```

हॉटस्पॉट कमजोर आहे का?

तारायंत्र

हॉटस्पॉटचा दोष नाही. एकच किल्ली दोन उपकरणांत गेल्यामुळे हे होते आहे. वायरगार्डचा सर्व्हर माणूस ओळखत नाही, उपकरण ओळखत नाही. तो फक्त किल्ली ओळखतो, आणि एका किल्लीसाठी परतीचा एकच पत्ता लक्षात ठेवतो. त्या किल्लीने सही केलेले शेवटचे पाकीट जेथून आले तो तिचा पत्ता. लॅपटॉपने पाकीट पाठवले की सर्व्हर उत्तरे लॅपटॉपकडे पाठवू लागतो आणि फोन उपाशी राहतो. फोनने पाठवले की उलट. तुमच्या फाइलमध्ये `PersistentKeepalive = 25` असेल, तर दोघेही दर 25 सेकंदांनी आपली हजेरी लावतात आणि ही ओढाताण कधी थांबतच नाही. शिवाय हस्तांदोलनात वेळेची नोंद असते आणि आधीच्यापेक्षा जुनी वेळ सर्व्हर नाकारतो. त्यामुळे लॅपटॉपचे घड्याळ फोनच्या मागे असेल तर फोननंतर लॅपटॉपला जोडणीच मिळत नाही.

सहकाऱ्यांना सर्व्हरवर `wg show` ही आज्ञा काही सेकंदांच्या अंतराने द्यायला सांगा. तुमच्या किल्लीसमोर `endpoint` ही ओळ असते. फोन आणि लॅपटॉप दोघेही एकाच मोबाइल जोडणीमागे असल्यामुळे त्या ओळीतील पत्ता बहुधा तोच राहील, पण अपूर्णविरामानंतरचा पोर्टचा आकडा दोन संख्यांमध्ये हेलकावे खाताना दिसेल.

प्रवासी_लेखणी

अगदी तसेच निघाले. पत्ता एकच होता आणि पोर्ट दोन संख्यांमध्ये आलटून पालटून बदलत होता. सहकाऱ्यांनी लॅपटॉप आणि टॅबलेट यांच्यासाठी वेगळ्या किल्ल्या आणि वेगळे आतले पत्ते दिले. जुनी फाइल लॅपटॉपमधून मी पूर्ण काढून टाकली. आता तिन्ही उपकरणे एकाच वेळी चालत आहेत, आणि यादीत लॅपटॉपची किल्ली दिसते.

अवलोकिता

एक गोष्ट पाहून घ्या. अनेक मोबाइल कंपन्या हॉटस्पॉटमागच्या लॅपटॉपलाही आयपीव्ही6 पत्ता देतात. तुमच्या फाइलमध्ये `AllowedIPs = 0.0.0.0/0` एवढेच लिहिले असेल, तर आयपीव्ही4 बोगद्यातून जाते आणि आयपीव्ही6 बाहेरून जाऊ शकते. माझ्या बाबतीत पत्ता दाखवणारे संकेतस्थळ फक्त आयपीव्ही4 दाखवत होते, म्हणून मला कित्येक दिवस ते समजले नाही. दोन्ही वेगवेगळे विचारावेत:

```
curl -4 https://icanhazip.com
curl -6 https://icanhazip.com
```

दुसऱ्या आज्ञेला मोबाइल कंपनीचा पत्ता आला, तर फाइलमध्ये `0.0.0.0/0, ::/0` असे लिहून घ्यावे. जोडणी होऊ शकली नाही असे उत्तर आले, तर काळजी नाही.

प्रवासी_लेखणी

दुसऱ्या आज्ञेला खरोखरच मोबाइल कंपनीचा पत्ता आला होता. फाइल दुरुस्त केल्यावर जोडणी होऊ शकली नाही असे उत्तर येते. विंडोजच्या वायरगार्डमध्ये `Block untunneled traffic (kill-switch)` असा चौकोन आहे, तोही मी खूण करून ठेवला आहे. टॅबलेटवर फोनसारखेच दोन्ही पर्याय चालू केले.

एक शंका उरते. आता फोनवरही व्हीपीएन आहे आणि लॅपटॉपवरही. मग लॅपटॉपची माहिती दोनदा कूटबद्ध होऊन कामाचा वेग कमी होतो का?

तारायंत्र

नाही. लॅपटॉपचा बोगदा फोनच्या बोगद्यात शिरत नाही, तो त्याच्या शेजारून स्वतंत्रपणे सर्व्हरपर्यंत जातो. फोनला ती फक्त कूटबद्ध पाकिटे दिसतात. मात्र लहान पाने उघडतात आणि मोठी फाइल चढवताना अडकते असे झाले, तर लॅपटॉपच्या फाइलमध्ये `[Interface]` खाली `MTU = 1280` लिहून पाहा. वायरगार्डचा नेहमीचा आकडा 1420 आहे आणि काही मोबाइल जाळ्यांत तेवढ्या मोठ्या पाकिटाला जागा पुरत नाही.

धुंडिराज

माझ्याकडे पुस्तके वाचण्याचे एक उपकरण आहे, त्यावर व्हीपीएन बसवताच येत नाही. आयफोनच्या हॉटस्पॉटमागे त्याला व्हीपीएन कसे द्यावे?

सावध

त्यात प्रॉक्सी लिहिण्याची जागा आहे का ते पाहा. काही उपकरणांत वायफायच्या प्रगत सेटिंगमध्ये असते. पण आयफोनवर प्रॉक्सी अ‍ॅप पडद्याआड गेल्यावर किती वेळ चालू राहते याची मला खात्री वाटत नाही.

तारायंत्र

मी तेथे प्रवासात नेण्याचा छोटा राउटर वापरला असता: राउटर फोनच्या हॉटस्पॉटला जोडायचा, वायरगार्ड राउटरवर चालवायचे आणि वाचनाचे उपकरण राउटरच्या वायफायला जोडायचे. राउटरवरचा नियम येणाऱ्या सर्वांसाठी असल्यामुळे आकाशगामी यांची पहिली उपमा तेथे पूर्णपणे लागू पडते. त्या राउटरला वेगळी किल्ली मात्र घ्या.

धुंडिराज

आणखी एक यंत्र बाळगायचे नाही, म्हणून प्रॉक्सीची जागा आधी शोधतो. सापडली तर किती वेळ टिकते ते पाहून येथे लिहीन.